सांचोचे गाढव आणि बिल्बोची अंगठी : संविधानकातील छिद्र मागे जाऊन बुजविण्याविषयी

कादंबरीचे वीस-पंचवीस प्रकरणांचे लेखन झाल्यावर लेखकाच्या एकाएकी ध्यानात येते की, आता जे घडते आहे ते पूर्वी लिहिलेल्या एखाद्या प्रसंगाशी जुळत नाही. जो मनुष्य तेथे नव्हताच त्याने काही पाहिले आहे. जी वस्तू कोणी घेतली नाही ती नाहीशी झाली आहे. किंवा ज्याने अमुक गोष्ट कधीच केली नसती त्याने ती पाचव्या प्रकरणात आनंदाने करून टाकली आहे. संविधानकातील अशा विसंगतीला येथे आपण 'छिद्र' म्हणू. छिद्र सापडते पुढे, परंतु त्याचे मूळ असते मागे. तेव्हा स्वाभाविकपणे पहिला विचार मनात येतो तो मागचा प्रसंग काढून टाकण्याचा. हा उपाय सोपा दिसतो. पण बहुतेक वेळा तो महाग पडतो. मागचा प्रसंग ठेवून त्यात फेरफार करण्याचा दुसरा मार्ग कसा चालतो, त्याला कोणत्या मर्यादा पडतात, आणि तो कोठे फसतो, हे दोन प्रसिद्ध ग्रंथांच्या आधारे पाहण्याचा विचार आहे. हे दोन ग्रंथ निवडण्याचे कारण एवढेच की, दोन्हींत दुरुस्तीपूर्वीचा आणि दुरुस्तीनंतरचा असे दोन्ही पाठ छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. एरवी लेखक आपली छिद्रे हस्तलिखितातच बुजवितो आणि अभ्यासकाच्या हाती काही लागत नाही.

पहिले उदाहरण सेर्व्हान्टिसच्या 'डॉन क्विक्झोट'चे आहे. या कादंबरीचा पहिला भाग 1605 साली माद्रिदमध्ये हुआन दे ला क्वेस्ता याच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याच्या पंचविसाव्या प्रकरणात, सिएरा मोरेनाच्या डोंगरात असताना, सांचो पांझा पायी चालताना दिसतो आणि आपले गाढव चोरीस गेल्याचे त्याच्या बोलण्यातून कळते. वाचक मागची पाने चाळू लागतो. परंतु चोरीचा प्रसंग कोठेही नाही. मागे पाहावे तर सांचो गाढवावर बसलेला, पुढे पाहावे तर गाढव गेलेले. इतकेच नव्हे, तर बऱ्याच प्रकरणांनंतर, बेचाळिसाव्याच्या सुमारास, गाढव पुन्हा सांचोजवळ असल्याचे उल्लेख येतात, आणि ते परत कसे मिळाले तेही कोणी सांगत नाही. म्हणजे एकाच गाढवाने दोन छिद्रे पाडली : एक जाताना, एक येताना. मुळात आखलेला प्रकरणांचा क्रम लेखकाने मागाहून बदलला असावा आणि त्या हलवाहलवीत चोरीचा भाग गळला असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. तो पटण्यासारखा आहे.

आता सेर्व्हान्टिसपुढे कोणते मार्ग होते? गाढव गेल्याचे उल्लेखच पुसून टाकणे हा एक. त्याने छिद्र तर नाहीसे झाले असते, पण त्याबरोबर काय काय गेले असते ते पाहिले पाहिजे. गाढव गेले आहे म्हणून सांचो विलाप करतो. गाढव गेले आहे म्हणून त्याचा धनी त्याला घरच्या पाच शिंगरांपैकी तीन शिंगरे देण्याविषयी आपल्या पुतणीच्या नावे हुंडी लिहून देतो, आणि सरदारी प्रेमपत्राच्या जोडीला शिंगरांची ही व्यवहारी हुंडी येते यात त्या प्रकरणाचा निम्मा विनोद आहे. गाढव गेले आहे म्हणूनच निरोप घेऊन निघालेला सांचो रोसिनांतेवर, म्हणजे धन्याच्या घोड्यावर, स्वार होतो. गाढवाचा अभाव ही केवळ नजरचूक उरलेली नव्हती. पुढच्या पाच-सहा प्रकरणांचे काही खांब तिच्यावर उभे होते. जे चुकून घडले त्यावर लेखकाने पुढे बांधकाम केले असेल, तर ते पुसणे म्हणजे पायाच काढणे होय. गाढव गेलेच होते, असे मानून ते कसे गेले एवढे सांगणे अधिक शहाणपणाचे होते. आणि त्याच वर्षी त्याच छापखान्याने काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीत तसे केलेले दिसते.

या आवृत्तीत दोन उतारे नव्याने घातले आहेत. तेविसाव्या प्रकरणात रात्री सांचो झोपला असताना हिनेस दे पासामोंते गाढव पळवितो. तिसाव्यात तोच हिनेस जिप्सीच्या वेशात गाढवावर बसून येताना दिसतो, सांचो त्याला ओळखून आरडाओरड करतो, आणि गाढव परत मिळते. चोर म्हणून झालेली ही निवड लक्षात घेण्यासारखी आहे. हिनेस नवा मनुष्य नाही. लगतच्याच बाविसाव्या प्रकरणात डॉन क्विक्झोटने ज्या शिक्षा झालेल्या कैद्यांना सोडविले त्यांच्यापैकी तो एक. तो मोकळा आहे, जवळपास आहे, कृतघ्न आहे आणि पोलिसांच्या धास्तीने डोंगरात लपला आहे. चोरीला लागणारा हेतू, संधी आणि स्वभाव हे तिन्ही कथेत आधीच तयार होते. केवळ त्यांना कामाला लावावयाचे होते. शिवाय चोरीच्या उताऱ्यातच डॉन क्विक्झोटने सांचोचे सांत्वन करताना पाचांपैकी तीन शिंगरे देण्याचे वचन दिल्याचे दाखविले आहे, त्यामुळे पंचविसाव्या प्रकरणातील हुंडीलाही मागचा आधार मिळाला. उताऱ्यांचा मजकूर म्हणून पाहिल्यास दुरुस्ती उत्तम आहे.

ती फसली ती जागेमुळे. चोरीचा उतारा तेविसाव्या प्रकरणात जेथे घातला, त्यानंतरही त्याच प्रकरणात सांचो आपल्या गाढवावर बसून धन्याच्या मागून चालल्याचा मजकूर पूर्वीच्या आवृत्तीतला तसाच राहिला. पंचविसाव्या प्रकरणापर्यंत असे उल्लेख तुरळक येत राहतात. म्हणजे पूर्वी वाचकाला 'गाढव केव्हा गेले?' असा प्रश्न पडत होता. आता 'गेलेले गाढव अजून येथे कसे?' असा पडू लागला. पहिला प्रश्न विस्मरणाचा होता, दुसरा अशक्यतेचा आहे, आणि तो अधिक वाईट आहे. 1608 च्या माद्रिद आवृत्तीत यांपैकी काही उल्लेख बदलण्यात आले, पण तोवर जुन्या प्रती वाचकांच्या हाती गेल्या होत्या.

या चुकीतून दुरुस्तीच्या कामाचा जो क्रम निघतो तो असा. छिद्राचे कारण मागे कोठे पेरावयाचे हे ठरले की काम संपले असे लेखकाला वाटते. वस्तुतः ते तेथे सुरू होते. कारण पेरल्याची जागा आणि परिणाम प्रकट होण्याची जागा या दोहोंमधील संपूर्ण पट्टा ओळीने वाचावयास हवा, आणि तोही कथेसाठी नव्हे तर त्या एका वस्तूसाठी. सांचो बसला, उतरला, त्याने काही लादले, काही बांधले, अशा प्रत्येक वाक्यापाशी थांबून 'गाढव आता कोठे आहे?' एवढेच विचारावयाचे. येथे एक सूक्ष्म अडचण आहे. वस्तूचे नाव घेऊन आलेले उल्लेख सहज सापडतात. नाव न घेता आलेले सापडत नाहीत. 'सांचो खाली उतरला' या वाक्यात गाढव शब्द नाही, पण गाढव आहे. आमच्या अनुभवास असे येते की, विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितांतही दुरुस्तीनंतर उरणारी विसंगती बहुधा क्रियापदांत दडलेली असते, नामांत नव्हे. म्हणून कारण शक्य तितके परिणामाच्या जवळ पेरावे, म्हणजे तपासावयाचा पट्टा आखूड होतो. सेर्व्हान्टिसचा उतारा पंचविसाव्या प्रकरणाच्या तोंडाशी गेला असता, तर हे बहुतेक उल्लेख आपोआप निर्दोष ठरले असते. अर्थात फार जवळ पेरलेले कारण ऐनवेळी आणलेले वाटते हाही धोका आहेच. पण अगोदरच ओळखीचा झालेला चोर हाताशी असल्यामुळे येथे तो फारसा नव्हता.

1615 साली दुसरा भाग आला. तोपर्यंत पहिला भाग लोकांनी वाचला होता, आणि सेर्व्हान्टिसने त्या वस्तुस्थितीचाच उपयोग केला. दुसऱ्या भागातील पात्रांना पहिला भाग छापून प्रसिद्ध झाल्याचे ठाऊक आहे. तिसऱ्या प्रकरणात सान्सोन कारास्को हा पदवीधर गाढवाची भानगड काढतो. चौथ्यात सांचो सांगतो की, तो खोगिरावर बसल्या बसल्या झोपला असता चोराने खोगिराला चार बाजूंनी खुंटांचा टेकू दिला आणि खालून गाढव काढून नेले. हे ठीक, पण गाढव परत मिळण्यापूर्वीच तो त्यावर बसलेला कसा, असे विचारता सांचो उत्तर देतो की, इतिहासकार चुकला असेल किंवा छापणाऱ्याचा हलगर्जीपणा असेल. सत्ताविसाव्या प्रकरणात दोष पुन्हा मुद्रकांकडेच जातो. छापून गेलेल्या चुकीवर याहून गोड पांघरूण घालता येणे कठीण. मात्र ही दुरुस्ती नव्हे, कबुली आहे; आणि विनोदी ग्रंथालाच ती परवडते.

दुसरे उदाहरण आपल्या काळाच्या अधिक जवळचे आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. ऑक्सफर्ड येथील प्राध्यापक टोल्किन यांची 'द हॉबिट' ही बालकथा 1937 साली प्रसिद्ध झाली. तिच्या पाचव्या प्रकरणात बिल्बो हा बुटका नायक डोंगराखालच्या काळोखात वाट चुकतो. त्याला चाचपडताना एक अंगठी सापडते, ती तो खिशात टाकतो, आणि पुढे भुयारातील तळ्याकाठी त्याची गॉलम नावाच्या प्राण्याशी गाठ पडते. दोघे कोडी घालण्याची पैज लावतात. बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार. बिल्बो जिंकला तर गॉलम त्याला एक भेट देणार. बिल्बो शेवटी 'माझ्या खिशात काय आहे?' असे विचारून जिंकतो. गॉलम भेट आणावयास जातो. ही भेट म्हणजे तीच अंगठी, तेव्हा ती सापडत नाही. 1937 च्या पाठात गॉलम यावर फार वरमतो, पुनःपुन्हा क्षमा मागतो, भेटीऐवजी ताजे मासे देऊ करतो. बिल्बो गप्प बसून त्याऐवजी बाहेरची वाट दाखवून घेतो आणि दोघे सभ्यपणे निरोप घेतात.

त्या बालकथेपुरते यात काही चुकले नव्हते. छिद्र पडले ते पुढचा ग्रंथ लिहिताना. प्रकाशकांच्या आग्रहावरून टोल्किन यांनी 1937 च्या डिसेंबरात पुढची कथा हाती घेतली. तिचाच पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' झाला. लिहिता लिहिता ती जादूची अंगठी साधी न राहता, बाळगणाऱ्याच्या मनाचा कब्जा घेणारी, जी स्वेच्छेने कोणालाच सोडवत नाही अशी सत्तेची अंगठी बनली. मग पाचशे वर्षे ती बाळगलेला गॉलम ती पैजेत लावील कसा? आणि हरवल्यावर क्षमा मागत मासे देऊ करील कसा? पुढच्या ग्रंथाचा आधारस्तंभ आणि मागच्या ग्रंथातील हा हसरा प्रसंग एकत्र उभे राहू शकत नव्हते.

प्रसंग काढून टाकणे येथे तर अशक्यच होते. आणि ते अशक्य का हे नीट मांडले तर दुरुस्तीची पद्धतही स्पष्ट होते. कोणताही चांगला प्रसंग एकाच वेळी अनेक कामे करीत असतो. पाचव्या प्रकरणाची कामे निदान चार आहेत : बिल्बोला भुयारातून बाहेर काढणे, त्याच्या हाती अंगठी देणे, सोबत्यांच्या आधाराशिवाय तो बुद्धीने निभावून नेतो हे प्रथमच दाखविणे, आणि गॉलमची ओळख करून देणे. पुढच्या कथेशी विसंगत होता तो या चौथ्या कामाचाही केवळ एक अंश, म्हणजे गॉलमची अंगठी देण्याची तयारी. प्रसंग खोडल्याने चारही कामे गेली असती. तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे की, या प्रसंगातील नेमका कोणता सांधा बदलला असता बाकीची कामे जशीच्या तशी राहतील? टोल्किन यांनी तो सांधा अचूक हेरला : पैजेत काय लावले आहे तो.

सुधारलेल्या पाठात बिल्बो जिंकल्यास गॉलमने त्याला बाहेरची वाट दाखवावयाची आहे. एवढ्या एका बदलामुळे अंगठी व्यवहारातून बाहेर पडली. परंतु सांधा हलला की त्याला लागून असलेले भाग हलतातच. पैज हरल्यावर गॉलम तळ्यातल्या आपल्या बेटाकडे जातो ते पूर्वीप्रमाणेच. पण आता भेट आणण्यासाठी नव्हे, तर अंगठी घालून अदृश्य व्हावे आणि बिल्बोला मारून खावे यासाठी. अंगठी सापडत नाही तेही पूर्वीप्रमाणेच. पण आता त्याला क्षमा सुचत नाही, संशय सुचतो, आणि बिल्बोचा शेवटचा प्रश्न त्याला नव्याने उमगतो. तो अंगावर धावून येतो. बिल्बो पळतो, अंगठी बोटात जाते, तो पडतो, आणि अदृश्य झालेल्या बिल्बोला ओलांडून गॉलम पुढे निघून जातो. वाट दाखविण्याचे कामही शिल्लक आहे : गॉलम बाहेरच्या वाटेकडे धावतो आणि बिल्बो त्याच्या मागून जातो. म्हणजे अनिच्छेने का होईना, गॉलम वाट दाखवितोच. शेवटी वाट अडवून बसलेल्या गॉलमला मारण्याची संधी बिल्बोला मिळते. त्याला दया येते आणि तो त्याच्यावरून उडी मारून निघून जातो.

जे बदलले नाही तेही पाहावे. कोडी तीच आहेत. अंगठी सापडण्याची रीत तीच आहे. खिशाविषयीचा तो नियमबाह्य प्रश्न तोच आहे. बाहेरच्या दारात बिल्बोची बटणे तुटतात तेही तसेच आहे. हालचालींचा क्रम जवळजवळ कायम ठेवून त्यांच्यामागील हेतू तेवढे बदलले आहेत. आमच्या मते या दुरुस्तीचे खरे कौशल्य येथेच आहे. घटना बदलली की तिच्या परिणामांची साखळी शोधीत पुस्तकभर हिंडावे लागते. हेतू बदलला तर परिणाम बहुधा जागच्या जागी राहतात. आणि नव्याने आलेला दयेचा क्षण केवळ भोक बुजविणारा बोळा राहिला नाही. पुढच्या ग्रंथात गँडाल्फ त्याचाच हवाला देतो, आणि त्या ग्रंथाची अखेर गॉलम जिवंत असण्यावर अवलंबून आहे. ठिगळाने वस्त्राचा भार उचलला, असे क्वचितच घडते.

या पाठाचा प्रकाशनाचा इतिहासही गमतीचा आहे. 1947 साली टोल्किन यांनी हे पुनर्लेखन प्रकाशक स्टॅन्ले अन्विन यांच्याकडे नमुना म्हणून पाठविले. नंतर त्याविषयी काहीच न कळल्याने तो बेत बारगळला असे ते समजले. 1950 साली नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली तेव्हा सुधारलेला मजकूर त्यांत जुळविलेला पाहून ते चकित झाले. 1951 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. आता एकाच घटनेच्या दोन छापील हकीगती लोकांत होत्या. पहिली रद्द मानावी की दोन्ही आहेत हे कथेतच सामावून घ्यावे, असे दोन मार्ग त्यांना दिसत होते, आणि त्यांनी दुसरा पत्करला. 1954 साली निघालेल्या पुढच्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात असे सांगितले आहे की, पहिली हकीगत ही बिल्बोनेच सोबत्यांना सांगितलेली बनावट होती. अंगठीवर आपला हक्क निःसंशय ठरावा म्हणून त्याने 'ती मला भेट मिळणार होती' असे रचले. एल्रॉन्डच्या सभेत बिल्बो स्वतः तसे कबूल करतो.

'पात्र खोटे बोलले' ही पळवाट कोणत्याही छिद्राला लावता येते, आणि म्हणूनच ती बहुधा निकामी असते. येथे ती का पटते? एरवी सच्चा असलेला बिल्बो खोटे बोलतो ते अंगठीच्या प्रभावामुळे. आणि अंगठीला असा प्रभाव असतो हीच ती कल्पना, जिच्यामुळे जुना पाठ विसंगत ठरला. छिद्र पाडणारे कारण आणि छिद्राचा खुलासा करणारे कारण एकच आहे. त्यामुळे जुना पाठ चूक न राहता पुरावा झाला. त्या असत्यावरूनच गँडाल्फला प्रथम संशय येतो. खुलाशासाठी बाहेरून वेगळे कारण आणावे लागले असते, तर वाचकाने ते मनातल्या मनात लेखकाच्या नावावर लिहिले असते, बिल्बोच्या नव्हे.

एवढ्या काळजीनेही एक शिवण उघडी राहिली आहे, आणि ती कोठे राहिली हे सांचोच्या गाढवाच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. 'द हॉबिट'च्या सहाव्या प्रकरणात भुयारातून सुटलेला बिल्बो सोबत्यांना आपली हकीगत सांगतो. 1937 मध्ये ती अर्थातच भेटीची होती. पाचवे प्रकरण बदलल्यावर हीदेखील बदलणे भाग होते, आणि ती बदलली गेली : 1951 च्या पाठात बिल्बो सांगतो की, मी वाट दाखविण्याचे वचन मागितले, तो मला मारावयास धावला, मी त्याच्यावरून उडी मारून निसटलो. अंगठी तेवढी तो लपवितो. पण 1954 चे प्रास्ताविक तर म्हणते की, सोबत्यांना त्याने प्रथम भेटीची हकीगत सांगितली! मागच्या प्रसंगाशी जुळावे म्हणून सहावे प्रकरण सरळ केले, आणि ते सरळ केल्यामुळेच पुढे योजिलेल्या खुलाशाला आधार उरला नाही. एका छिद्रावर दोन निरनिराळ्या वेळी दोन दुरुस्त्या केल्या, एक घटना बदलणारी व दुसरी तिच्या कथनाचा अर्थ बदलणारी, आणि त्यांची गाठ सहाव्या प्रकरणात पडली. हा भाग 1937 च्या वळणावर ठेवला असता तर दोन्ही दुरुस्त्या जुळल्या असत्या. पण 1947 साली असत्याची युक्ती पक्की झालेली असल्याचे त्या पाठावरून तरी दिसत नाही. वाचकांपैकी फार थोड्यांना ही विसंगती जाणवते, याचे कारण ती दोन स्वतंत्र पुस्तकांत विभागली गेली आहे.

याच ग्रंथाच्या लेखनातील आणखी एक छोटी हकीगत येथे नोंदविण्याजोगी आहे. कथेतील मंडळी फुटून दोन वाटांनी गेल्यावर टोल्किन यांनी एका तुकडीची कथा आधी पुरी केली आणि दुसरीची बऱ्याच काळाने हाती घेतली. 1944 च्या मे महिन्यात, दुसरी तुकडी मिनास मॉर्गुलपाशी पोहोचली असता, त्यांना आढळले की, कथेतला चंद्र अशक्य गोष्टी करीत आहे : एका प्रदेशात उगवत असता त्याच वेळी दुसऱ्यात मावळत आहे. मागच्या प्रकरणांतील तुकडे पुन्हा लिहिण्यात सबंध दुपार गेल्याचे त्यांनी मुलाला पत्रातून कळविले. येथे एकही प्रसंग खोडावा लागला नाही. कोठे चंद्र कोरीचा करावयाचा, कोठे उगवण्याची वेळ पुढे ढकलावयाची, एवढेच. एकाच वेळी घडणाऱ्या दोन कथासूत्रांना जोडणारी वस्तू, मग ती चंद्र असो, टपालाने गेलेले पत्र असो की गावची जत्रा असो, ही छिद्र शोधण्याची उत्तम जागा असते, कारण ती दोन्हीकडे एकाच अवस्थेत असावी लागते. प्रत्येक पात्र अमुक दिवशी कोठे होते याची दिवसवार कोष्टके टोल्किन यांनी तयार केली होती; अशा कोष्टकात आडवी ओळ वाचली की चूक लगेच दिसते, उभी वाचली तर कधीच दिसत नाही.

ही सारी चर्चा मागचा मजकूर लेखकाच्या ताब्यात आहे असे गृहीत धरते. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीत तसे नसते. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या 'करमणुकी'तून आठवड्यागणिक वाचकांच्या हाती जात. अशा लेखकाला पुस्तकरूपाने छापताना जी मुभा मिळेल तीच. त्या आधी त्याच्यापुढे सांचोच्या उत्तराचा किंवा बिल्बोच्या कबुलीचा, म्हणजे मागचे वाक्य न बदलता त्याचा अर्थ बदलण्याचा, मार्ग उरतो. म्हणून आपल्याकडील क्रमशः कादंबऱ्यांचे मासिक-पाठ आणि ग्रंथ-पाठ शेजारी ठेवून वाचणे हे या प्रश्नाच्या अभ्यासाचे एक मोकळे क्षेत्र आहे. त्या वाचनात नवे घातलेले वाक्य ओळखण्याची एक खूण ध्यानात ठेवावी : ते अद्याप कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असते. 'दार आतून बंद होते, पण मागची खिडकी नेहमीच उघडी असे' अशा वाक्यातला 'पण' लेखकाने पुढचे प्रकरण लिहून झाल्यावर मागे येऊन लिहिलेला असण्याचा फार संभव असतो.

'डॉन क्विक्झोट'च्या अभ्यासकांना मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. चोरीचे व परत मिळण्याचे ते दोन उतारे सर्व आवृत्त्यांत एकाच जागी नाहीत. काही संपादक पहिल्या आवृत्तीचा पाठ प्रमाण मानून ते परिशिष्टात किंवा टीपेत देतात, तर काही ते मूळ मजकुरातच छापतात. वर्गात गाढवाविषयी वाद निघाला असता, वाद घालणाऱ्यांच्या हातांत एकच पुस्तक आहे की नाही हे प्रथम पाहून घ्यावे.